शेरास शेर

मला मुलं ‘मास्तर’ म्हणत आणि विज्ञानाच्या नव्या शिक्षकांना ‘सर’. माझ्या पोटदुखीची सुरुवात इथून झाली. एकाच शाळेत, एकाच भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही शिकवत होतो. पण मी धोतर नेसून गणित शिकवणारा म्हणून मास्तर, आणि ते पाटलोण घालून पदार्थविज्ञान शिकवणारे म्हणून सर. वयानं ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. लोणावळ्याच्या ओल्या हवेत खडू सादळतो आणि फळ्यावर उमटत नाही, एवढंदेखील त्यांना आल्यावर मी सांगितलं. मी माझे खडू घरी चुलीच्या वर फळीवर ठेवत असे. त्यातले चार त्यांना दिले. पुढं काय होणार हे ठाऊक असतं तर सादळलेलेच दिले असते.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. घाटात विजेची इंजिनं येऊन काही वर्षं झाली होती, धरणाचं पाणी खाली सोडून वीज करतात हे पोराटोरांना माहीत झालं होतं, आणि त्यामुळे मुलांना विज्ञानाचं वेड लागलेलं. गणिताचं वेड कुणालाच लागत नाही. गणिताची फक्त भीती वाटते, आणि भीतीवर का होईना, माझं बरं चाललं होतं.

आमचे मॅट्रिकचे गणिताचे शिक्षक त्या वर्षी निवृत्त होणार होते. मॅट्रिकचा वर्ग म्हणजे शाळेचा मान. निकाल लागला की गावात लोक ज्याला थांबवून पेढे देतात तो मॅट्रिकचा मास्तर. खालच्या वर्गाच्या मास्तराला कोण विचारतो? मी त्या वर्गाची वाट पाहत होतो आणि नंबर माझाच होता. हेडमास्तरांनीही तसं सूचित केलं होतं. मग हे सर आले.

आल्या-आल्या त्यांनी हेडमास्तरांकडे तक्रार नेली. मुलं विज्ञानात नापास होतात ती विज्ञान येत नाही म्हणून नव्हे, तर मैलांचे फूट आणि तासांचे सेकंद करता येत नाहीत म्हणून. म्हणजे आडवळणानं माझ्यावरच. हेडमास्तरांना हे पटलं. मॅट्रिकच्या आधीच्या वर्गाला त्यांनी माझा तास आणि सरांचा तास लागोपाठ ठेवला, आणि आम्ही एकमेकांच्या तासाला मागं बसायचं असं ठरवलं. “गणितात रूपांतर शिकवा, लगेच पुढच्या तासाला ते विज्ञानात वापरा,” ते म्हणाले. आणि दारातून जाता जाता, “मॅट्रिकचं गणित जूनपासून कुणाकडे द्यायचं तेही त्यातनं कळेल.”

म्हणजे माझ्या नंबराचं आता शर्यतीत रूपांतर झालं होतं.

माझी पद्धत साधी होती. मीही तशीच शिकलो होतो. मोठ्याचं लहान करताना गुणा, लहानाचं मोठं करताना भागा. मणाचे शेर करायचे, गुणा. इंचांचे फूट करायचे, भागा. पोरांकडून हे मी घोकून घेत असे आणि त्यावर चाळीस वर्षांतल्या पिढ्या तरल्या होत्या. पहिल्याच जोड तासाला मी फळ्यावर लिहिलं: घाट चढणारी गाडी ताशी पंधरा मैल जाते, तर सेकंदाला किती फूट?

पोरांनी नियम पाळला. मैल मोठा, फूट लहान, म्हणून पाच हजार दोनशे ऐंशीनं गुणलं. तास मोठा, सेकंद लहान, म्हणून छत्तीसशेनंही गुणलं. अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं सेकंदाला अठ्ठावीस कोटी फूट आणि वर काही लाख. मी चिडलो. “अरे, तास खाली आहे ना! खाली असला की उलटं करायचं!” त्यावर बेडशाकडून येऊन इथं मामाकडे राहणारा एक पोरगा म्हणाला, “मास्तर, तुमीच सांगितलं व्हतं, लहान करताना गुना. उलटं कवा करायचं त्ये न्हाई सांगितलं.”

बरोबर होतं त्याचं. त्याचा मला अतिशय राग आला.

मागच्या बाकावरून सर उठले आणि फार अदबीनं म्हणाले, “मी एक मिनिट फळा घेऊ का?” नाही कसं म्हणणार? त्यांनी खडू घेतला आणि आधी मुलांच्या उत्तराचे मैल केले. “ही तुमची गाडी सेकंदाला चोपन्न हजार मैल चालली आहे. पृथ्वीचा घेर पंचवीस हजार मैल. म्हणजे लोणावळ्याहून सुटल्यापासून एका सेकंदात पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून पुढं निघून गेली. घाट चढताना!” वर्ग हसून लोटपोट. माझ्या तासाला असा हशा कधी झाला नव्हता.

मग त्यांनी आकड्यांबरोबर नावंही लिहिली. पंधरा मैल वर, एक तास खाली. त्यापुढे एक अपूर्णांक: वर पाच हजार दोनशे ऐंशी फूट, खाली एक मैल. “वर आणि खाली एकच लांबी आहे, म्हणजे या अपूर्णांकाची किंमत एक. एकानं कितीही वेळा गुणा, काही बिघडत नाही.” त्यापुढे आणखी एक अपूर्णांक: वर एक तास, खाली छत्तीसशे सेकंद. “आता अक्षरांना बीजगणितात काट मारता तशी नावांना मारा.” मैलाला मैल कटला, तासाला तास कटला. वर फूट राहिले, खाली सेकंद. “गुणायचं की भागायचं हे तुम्ही ठरवू नका. नावंच सांगतील. जे नाव नको आहे ते कटेल असं अपूर्णांकाचं तोंड ठेवा, बस्स.” उत्तर बावीस आलं. गाडी निमूटपणे घाट चढू लागली.

मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. माझ्या अंगाची लाही लाही होत होती, कारण ते सुंदर होतं. वाईट शिकवलं असतं तर मी त्यांना क्षमा केली असती.

घरी मी बायकोला म्हणालो, “त्यात काय विशेष? बीजगणितच आहे ते. माझाच विषय.”

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “मग तुम्ही का नाही शिकवलंत तसं?”

“मला सुचलं नाही.”

“पोटात दुखतंय ना? ओवा देऊ?”

महिना-दीड महिना हे असं चाललं आणि दर तासाला माझं काहीतरी त्यांच्याकडे जात होतं. पोरं वहीत माझी गणितं त्यांच्या रीतीनं सोडवू लागली. पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. वर्गात तिघीच मुली, त्यातली ही सर्वांत हुशार. तिच्या शंका आजवर माझ्याकडे येत. त्या आता भिंतीपलीकडे जाऊ लागल्या. मी वऱ्हांड्यात उभा राहून तिला त्यांच्या खोलीत शिरताना बघत असे आणि उगाच छत्री झटकत असे, बाहेर ऊन असतानासुद्धा.

सगळ्यांत मोठा घाव मात्र एका शब्दावर बसला. अंकगणितात मी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट सांगत आलो होतो: बेरीज फक्त सजातीय राशींची होते. रुपयांत रुपये मिळवा, पायल्यांत पायल्या. रुपयांत पायल्या मिळवू नका. ‘सजातीय’ हा माझा आवडता शब्द. पोरं मला मागं ‘सजातीय मास्तर’ म्हणत हेही मला ठाऊक होतं. एक दिवस विज्ञानाच्या तासाला एका मुलानं फळ्यावर सूत्र लिहिलं, शेवटचा वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले काळाचा वर्ग. सर म्हणाले, “पाठ आहे की नाही ते सोडा. तपासून बघू.” त्यांनी लांबीला, वस्तुमानाला आणि काळाला इंग्रजी एकेक अक्षर दिलं, एल, एम, टी. वेग म्हणजे एल भागिले टी. त्वरण म्हणजे एल भागिले टीचा वर्ग. त्याला टीच्या वर्गानं गुणलं तर टी सगळे कटले, उरला नुसता एल. “डावीकडे वेग, उजवीकडे वेगात मिळवली आहे लांबी. आणि तुमच्या मास्तरांनी काय सांगितलंय? बेरीज कशाची होते?”

अख्खा वर्ग ओरडला, “सजातीय राशींची!”

मुलानं जीभ चावली आणि काळावरचा वर्ग पुसला. सर त्यांना बजावून सांगत होते की ही तपासणी चूक पकडते, पण एखाद्या सूत्रातला एक-द्वितीयांशसारखा आकडा चुकला तर ती काही बोलणार नाही, कारण नुसत्या आकड्याला एल, एम, टी असं परिमाण नसतं. मी ऐकत नव्हतो. बारा वर्षं जो शब्द मी रुपये-आण्यांत राबवला त्याला त्यांनी एका तासात विश्वाच्या कारभारावर नेमलं होतं. माझं नाव घेऊन, वर! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण हा नागोबा बिळाच्या मालकाला नमस्कार करून आत शिरत होता. त्याला हाकलायचं कसं?

परीक्षा जवळ आल्या तसं हेडमास्तरांनी जाहीर केलं की ते स्वतः वर्गात बसून पाहतील. आधी माझा तास झाला. ठीक झाला. ठीक म्हणजे कुणी हसलं नाही, कुणी झोपलंही नाही. दुसऱ्या दिवशी सरांचा. हेडमास्तर खुर्ची टाकून दाराशी, मी मागच्या बाकावर.

सर म्हणाले, आज आपल्या मावळातलंच गणित करू. आंबेमोहोराचं एक पोतं. त्यात चोवीस पायल्या तांदूळ. ते दहा फूट उंच माळ्यावर चढवायचं. किती फूट-पौंड काम? आणि त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अपूर्णांकांची आगगाडीच जोडली. एका पोत्यात चोवीस पायल्या. एका पायलीचे चार शेर. एका शेराचे ऐंशी तोळे. एका तोळ्याचे एकशे ऐंशी ग्रेन. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. शेवटी गुणिले दहा फूट. मग एका दमात काट मारली. पोत्याला पोतं, पायलीला पायली, शेराला शेर, तोळ्याला तोळा, ग्रेनला ग्रेन. उरलं फूट आणि पौंड. उत्तर एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास. मुलं खूश. हेडमास्तर मान डोलवत होते. मला दिसत होतं की मॅट्रिकचा वर्ग माझ्या डोळ्यांदेखत माळ्यावर चढतो आहे.

आणि मग माझी नजर शेरावर गेली.

सर ब्रह्मचारी, खानावळीत जेवणारे. त्यांनी जन्मात कधी वाण्याच्या दुकानी पिशवी घेऊन उभं राहून धान्य आणलं नव्हतं. मी दर पंधरवड्याला आणत होतो. तांदूळ आणत होतो मापानं आणि गूळ आणत होतो वजनानं, दोन्ही शेरावर, आणि बायकोनं दोन्हींत मला फसलेलं पकडलं होतं. पायलीत चार असतात तो मापी शेर. ऐंशी तोळे भरतो तो वजनी शेर. नाव एक, पण वस्तू दोन. त्यांनी एकाला दुसऱ्यानं काट मारली होती.

मला इतका आनंद झाला की मी बाक वाजवून उठलो. “हा शेर कटत नाही!”

वर्ग माझ्याकडे वळला. सरांनी फळ्याकडे पाहिलं. “का? वर शेर, खाली शेर.”

“वरचा मापाचा आहे, खालचा वजनाचा.”

ते फळ्याकडे वळून दोन्ही शेर पाहू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. आता हा सारवासारव करील, म्हणेल साधारण सारखेच असतात, आणि मग मी त्याला सोडणार नाही, असं मी मनात म्हणत होतो. ते वळले, कानापर्यंत लाल झालेले. त्यांनी दोन बाकांमधून चालत येऊन खडू माझ्या हातात ठेवला. “माझं चुकलं. हे तुम्हीच शिकवा.”

हे मी गृहीत धरलं नव्हतं. चूक दाखवायची होती, शिकवायचं नव्हतं. पण हेडमास्तर बघत होते. मी फळ्यापाशी गेलो.

“बेडशाकडच्या,” मी त्या पोराला म्हणालो, “आईनं सांगितलं, एक शेर कुरमुरे आण. वाणी काय करील?”

“माप भरून दील.”

“आणि त्यानं माप न घेता तराजू घेतला, आणि पारड्यात शेराचं वजन टाकून तेवढे कुरमुरे दिले तर?”

पोरगा हसतच सुटला. “पोतं न्यावं लागंल, मास्तर! वानी बुडंल त्यो!”

वर्ग हसला. माझ्या तासाला. मला ते गोड लागलं, आणि त्या भरात मी पुढं निघालो. एक शेर किती जागा लागते ते सांगतो, दुसरा किती जड ते सांगतो. मग जागेची जात काय? लांबी गुणिले लांबी गुणिले लांबी. मी वरच्या शेराखाली एलचा घन लिहिला. खालच्या शेराखाली एम लिहिला. ती अक्षरं त्यांची होती. मी बेधडक वापरली. “हे दोन सजातीय आहेत?”

“नाही!”

“मग नाव एक आहे म्हणून काट मारायची?”

“नाही!”

“मग एलच्या घनापासून एमपर्यंत जायला मधे काय घालावं लागेल?”

मी वर एम आणि खाली एलचा घन असा अपूर्णांक मांडला आणि थांबलो. पहिल्या बाकावरची मुलगी पुटपुटली, “घनता. सरांनी शिकवली ती.” तिला ‘सरांनी’ म्हणायची काय गरज होती कोण जाणे. पण उत्तर बरोबर होतं. “घनता. पण नुसत्या दाण्याची नव्हे, दाण्यांमधली मोकळी जागा धरून, मापात भरलेल्या तांदळाची. ती नावांवरून कळत नाही, कोष्टकातही नाही. ती भरून आणि तोलूनच काढावी लागते.”

हेडमास्तरांनी शिपायाला समोरच्या दुकानात पिटाळलं. माप, तराजू, वजनं, तांदूळ, कुरमुरे, सगळं टेबलावर आलं. तराजू धरायला कुणीतरी हवं होतं. सर पुढं आले आणि त्यांनी तराजू धरला. मी माप भरलं, वर शीग न ठेवता हातानं सपाट केलं, आणि तांदूळ पारड्यात ओतला. दुसऱ्या पारड्यात ऐंशी तोळ्यांचं वजन. काटा मध्यावर आला नाही. मग तेच माप कुरमुऱ्यांनी भरलं. कुरमुऱ्यांचं पारडं वरच लोंबकळत राहिलं. पोरं बाकांवर चढली होती. मग तोळे एकेक कमी-जास्त करून तांदळाच्या एका मापी शेराचे खरे तोळे काढले, ऐंशीनं भागून त्यांचे वजनी शेर केले, तो अपूर्णांक दोन शेरांच्या मधे बसवला, वरच्या शेराला ‘मापी’ आणि खालच्याला ‘वजनी’ असं पुरं नाव लिहायला लावलं, आणि वर्गानं गणित नव्यानं केलं. सगळं कटलं. या वेळी खरोखर कटलं.

घंटा झाली तरी कुणी उठेना. ती पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघत होती, पूर्वी बघायची तशी. मी सहज सरांकडे पाहिलं. हात अवघडला असेल, पण तराजू अजून त्यांनी वरच धरला होता आणि ते पोरांकडे टक लावून पाहत होते. चेहरा ओढलेला होता.

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी दोघांना बोलावलं. मला म्हणाले, “तास फार छान झाला.” मग टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. “पण मॅट्रिकला गणित आणि विज्ञान एकाच हाती असलं तर बरं, असं मला वाटतं. जूनपासून यांच्याकडे देतो. तुम्ही समजून घ्याल.” मी “हो” म्हणालो. समजून घेतलं नाही. दुपारचा डबा मी तसाच परत नेला. मी चूक पकडायची, मी शिकवायचं, आणि वर्ग तराजू धरणाऱ्याला! बायकोला काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत फाटकाबाहेर पडलो.

स्टेशनच्या रस्त्यावर सर मागून आले आणि माझ्या बरोबरीनं चालू लागले. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. मी पावलं उचलली. त्यांनीही उचलली. मग खाली मान घालून ते म्हणाले, “एक सांगू? आज तुम्ही शिकवत होता ना, तेव्हा मला तुमचा फार हेवा वाटला. अजून वाटतोय.”

रस्त्यावर टांगा नव्हता, गाडीची शिटी नव्हती, वारादेखील नव्हता. मला शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला होता.

मी थांबलो, कानाला हात लावला आणि म्हणालो, “काय म्हणालात?”

त्यांनी पुन्हा सांगितलं.